गाव उठले, नाव कोणाचे?

गोदावरीवर पैठण येथे जे प्रचंड धरण उभे आहे, त्यास सारा महाराष्ट्र 'जायकवाडी' या नावाने ओळखतो. परंतु जायकवाडी हे गाव पैठणास नाही. ते बीड जिल्ह्यात, पैठणच्या खाली सुमारे शंभर किलोमीटरांवर आहे. हैदराबाद संस्थानच्या राजवटीत गोदावरीस बांध घालण्याची कल्पना प्रथम निघाली, तेव्हा तो त्या गावाजवळ घालावा असे ठरत होते. पुढे महाराष्ट्र राज्य झाल्यावर पैठणची जागा अधिक सोयीची ठरली. १९६५ साली लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते पायाभरणी झाली आणि १९७६ साली इंदिरा गांधी यांच्या हस्ते उद्घाटन झाले. धरण शंभर किलोमीटर वर सरकले. नाव मात्र जुन्या गावाचेच राहिले. हे नाव बदलावे असे कोणास वाटले नाही, आणि त्यामुळे कोणाचा घोटाळा झाल्याचेही ऐकिवात नाही.

हा दाखला आरंभीच देण्याचे कारण उघड आहे. दगडमातीचा बांध आपले नाव बरोबर घेऊन शंभर किलोमीटर जाऊ शकतो, हे सरकारास मान्य आहे. त्याच बांधाच्या पाण्यामुळे जी हाडामांसाची माणसे उठली, त्यांनी आपल्या गावाचे नाव दहा-वीस किलोमीटरही नेऊ म्हटले की अडचणींची यादी पुढे येते. एकाच नावाची दोन गावे झाल्यास टपालाचा गोंधळ होईल, दप्तर बिघडेल, ज्यांच्या शिवारात ही वसाहत वसली त्या गावास राग येईल, आणि शेवटी, नावात असे काय आहे, हा नेहमीचा तत्त्वज्ञानी प्रश्न! या आक्षेपांचा क्रमाने परामर्श घ्यावा, एवढ्याचसाठी हा लेख आहे.

प्रथम दप्तराची गोष्ट पाहू, कारण खरी मेख तेथेच आहे. आपण बोलताना 'गाव' म्हणतो तेव्हा त्यात माणसे, देऊळ, पार, वेस हे सारे येते. महसूल खात्याच्या कागदावर जे गाव असते ते निराळे. तेथे 'मौजे अमुक' म्हणजे ठराविक शीव असलेला जमिनीचा एक तुकडा होय. त्यात माणूस राहत असो वा नसो, मौजे कायम असते. ज्या मौज्यात वस्ती उरली नाही त्यास दप्तरात एक फार बोलका फारसी शब्द आहे : 'बेचिराग', म्हणजे जेथे दिवा लागत नाही असे. धरणाखाली गेलेल्या गावाचे हेच होते. जमीन पाण्याखाली जाते, परंतु मौजे दप्तरातून पुसले जात नाही. ते बेचिराग होऊन पडते. आणि तेथून निघालेली माणसे दुसऱ्या एखाद्या गावाच्या शिवारात, बहुधा त्याच्या गायरानात वा संपादिलेल्या जमिनीत, नवे गावठाण आखून बसविली जातात. ती जमीन यजमान गावाच्या मौज्यातली असल्यामुळे त्यांच्या सातबाऱ्याच्या माथ्यावर त्याच मौज्याचे नाव येते. अशा रीतीने जुने नाव पाण्याला मिळते, आणि माणसांना मिळतो तो 'पुनर्वसन वसाहत' हा शब्द!

यात नुसत्या भावनेची हानी आहे असे वाचकांनी समजू नये. एका कुटुंबाचे उदाहरण घेऊन पाहू. आजोबांची जमीन बुडीत क्षेत्रात गेली. भूसंपादनाचा निवाडा झाला तो जुन्या मौज्याच्या नावाने आणि जुन्या सर्वे नंबराने. मुलाचे घर नव्या गावठाणात. त्याचा सातबारा यजमान गावाच्या नावाने. नातू शाळेत गेला तेव्हा मास्तरांनी जन्मगाव म्हणून वसाहतीचे बोलण्यातले नाव लिहिले. आता हा नातू नोकरीसाठी अर्ज करतो. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत प्रकल्पग्रस्तांसाठी पाच टक्के समांतर आरक्षण आहे. परंतु त्यासाठी प्रकल्पग्रस्त असल्याचे प्रमाणपत्र हवे, आणि ते प्रमाणपत्र जुन्या निवाड्यावरून मिळते. म्हणजे या मुलाने सिद्ध करावयाचे ते हे की, कागदोपत्री तीन निरनिराळ्या गावांचा दिसणारा इसम एकच असून, त्याचे मूळ त्या बेचिराग मौज्यात आहे. ज्या वसाहतीने जुने नाव धरून ठेवले, तिच्या मुलास हा धागा हाती लागतो. जिने सोडले, तिचा मुलगा कचेरीच्या पायऱ्या झिजवितो. नाव ही येथे हक्काची किल्ली आहे, आणि ती किल्ली तळ्यात टाकून 'नावात काय आहे' म्हणून विचारणे यास क्रूरपणा म्हणावे की अज्ञान, हे वाचकांनीच ठरवावे.

दुसरा आक्षेप घोटाळ्याचा. एका नावाची दोन गावे झाल्यास ओळखावी कशी? हा प्रश्न करणाऱ्यांनी महाराष्ट्राचा नकाशा कधी उघडून पाहिला नसावा. एकाच नावाची दोन गावे शेजारी शेजारी असणे ही आमच्याकडे शेकडो वर्षांची रीत आहे, आणि त्यासाठी दप्तराने सुंदर शब्दही घडविले आहेत. 'बुद्रुक' म्हणजे बुजुर्ग, थोरले. 'खुर्द' म्हणजे धाकटे. वस्ती वाढली वा फुटली, काही घरे पलीकडे गेली, त्यांनी नाव नेले, आणि कारकुनाने पुढे एक शब्द जोडून काम भागविले. खुद्द गंगाखेडाकडे पाहा. खेड नावाची गावे महाराष्ट्रात थोडी नाहीत. म्हणून हे गंगेकाठचे खेड. आणि ही 'गंगा' तरी कोठली? गोदावरीस या भागात गंगा म्हणतात; म्हणजे उत्तरेतल्या एका नदीचे नाव मराठवाड्यातल्या नदीस मिळाले आणि त्यावरून एका गावाची ओळख पटली. हिमालयातून नाव येथवर आले त्यास कोणी हरकत घेतली नाही. आठ-दहा कोसांवरून आलेल्या नावासच तेवढी हरकत का?

नावे प्रवास करतात याचे आणखी एक प्रमाण आपल्या घराघरांत आहे. गंगाखेडकर हे आडनाव गंगाखेडात काय उपयोगाचे? तेथे सगळेच गंगाखेडचे. गाव सोडून माणूस दुसरीकडे गेला की शेजारी त्यास त्याच्या गावावरून हाक मारू लागतात. संत जनाबाईचे आयुष्य पंढरपुरास नामदेवांच्या घरी गेले असे परंपरा सांगते. तरी जनाबाई कोठली, असे विचारताच उत्तर येते ते गंगाखेडचे. एकटा माणूस गाव सोडतो तेव्हा त्याच्यामागे गाव शिल्लक असते, म्हणून 'कर' एवढा प्रत्यय त्यास पुरतो. परंतु सगळे गावच उठते तेव्हा मागे उरते ते पाणी. अशा वेळी प्रत्ययाने भागत नाही. सबंध नावच उचलून न्यावे लागते.

लोक ते उचलून नेतात, सरकारने मदत केली तरी आणि न केली तरी. भीमेवरील उजनी धरणाचे बांधकाम १९८० साली पुरे झाले. त्याच्या पाण्यात इंदापूर तालुक्यातील पळसदेव गेले. गाव पुणे-सोलापूर रस्त्याच्या बाजूस येऊन वसले, आणि आजही त्याचे नाव पळसदेवच आहे. यातील खुबी अशी की, ते नाव मुळी पळसनाथ या देवावरून पडलेले. देव आमचा, म्हणून नावही आमचे, असे गावाचे म्हणणे पडल्यास त्यास उत्तर नाही. एखाद्या कोरड्या उन्हाळ्यात उजनीचे पाणी खाली जाते तेव्हा जुन्या देवळाचे शिखर आणि पुढे सारे देऊळ उघडे पडते, आणि लोक ते पाहावयास जातात. जुने गाव तेथे आहे हे सर्वांस ठाऊक असते, आणि पळसदेव कोठे, असे विचारले तर रस्त्याकडे बोट दाखविण्यात कोणीही चुकत नाही. घोटाळा झालाच असेल तर तो कचेरीत, माणसांत नाही.

परदेशातही असेच घडले आहे. ईजिप्तमध्ये आस्वानच्या मोठ्या धरणासाठी १९६३-६४ साली सुमारे ५०,००० न्युबियन लोक नाईलकाठावरून उठवून कोम ओम्बोच्या परिसरात नेण्यात आले. नव्या वस्त्यांस बल्लाना, तोश्का अशी जुन्या गावांचीच नावे ठेविली गेली. घरे परकी, नदी दूर, खजुरी नाहीत; पण नावे तीच. त्या लोकांचे हाल नावांनी कमी झाले असे कोणी म्हणणार नाही. परंतु पुढच्या पिढ्यांनी आपल्या जुन्या भूमीवरचा दावा बोलून दाखविला, तेव्हा कोणत्या गावचे लोक हे सांगण्याची साधने त्यांच्याजवळ शिल्लक होती.

येथे आमच्या पक्षाची एक दुबळी बाजूही सांगितली पाहिजे. नावाची पाटी ही फार स्वस्त वस्तू आहे. रस्त्याच्या कडेला जुन्या नावाचा फलक लावून देणे आणि पाणी, स्मशान, शाळा यांची पूर्तता वर्षानुवर्षे लांबविणे, हा व्यवहार पुष्कळ ठिकाणी झाला आहे. तसेच यजमान गावाची तक्रारही अगदी खोटी नसते; गायरान त्याचे गेलेले असते. आणि एक गाव तीन ठिकाणी विखुरले तर नाव कोणी घ्यावे, हाही खरा पेच आहे. त्यावर आमचे उत्तर असे की, नाव तिघांनी घ्यावे, आणि प्रत्येकापुढे यजमान गावाचा शब्द जोडावा. बुद्रुक-खुर्दाच्या भाषेस हे अवघड नाही, आणि यजमानाचाही त्यात मान राहतो.

तेव्हा मागणी केवळ पाटीची नव्हे. नव्या गावठाणास त्याच्या शेतजमिनीसह स्वतंत्र महसुली गाव म्हणून जाहीर करावे, आणि त्यास जुने नाव द्यावे, ही खरी मागणी होय. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिने गावांच्या सीमा व नावे ठरविण्याचा अधिकार सरकारास दिलेलाच आहे. त्यासाठी एक अधिसूचना पुरे. ग्रामपंचायत मिळाली म्हणजे काम झाले अशी समजूत पुष्कळांची असते, ती चुकीची आहे. पंचायत ही १९५८ च्या अधिनियमाखाली मिळते, महसुली गाव निराळ्या कायद्याखाली. आणि खानेसुमारीत गावाची ओळ पडते ती महसुली गावास. ती नसली की वसाहतीची माणसे यजमान गावाच्या बेरजेत मिसळून जातात, आणि उठलेले लोक किती व कोठे, हे दहा वर्षांनी सांगणेही कठीण होते. त्याचबरोबर बुडालेले मौजेही दप्तरात राहावे. फक्त त्यापुढे 'बेचिराग' एवढेच न लिहिता, त्याचे लोक कोठे गेले हेही लिहावे.

जायकवाडीच्या जलाशयास नाथसागर हे नाव आहे. पैठणच्या एकनाथांचे नाव त्यास दिले, ते योग्यच झाले. परंतु सुमारे ३५० चौरस किलोमीटर पसरलेल्या त्या पाण्याखाली जी गावे गेली त्यांसही नावे होती, आणि ती धारण करणारी माणसे अद्याप जिवंत आहेत. त्या धरणाचा डावा कालवा परभणी जिल्ह्यापर्यंत येतो. आमच्या शेतांत ज्यांच्या शिवाराच्या मोलाने पाणी आले, त्यांचे गाव कोणते हे निदान आम्हांस ठाऊक असावे, आणि त्यांच्या सातबाऱ्यावरही ते लिहिलेले असावे. दिवा विझला तो जुन्या जागी. नव्या जागी तो रोज लागतो; तेव्हा दप्तराने त्या गावास बेचिराग म्हणण्याचे कारण उरलेले नाही.