डबिंगमधलं शेवटचं 'नका'

एआयने व्हिडिओ डब करणं हल्ली फारच सोपं झालंय. फाइल चढवा, भाषा निवडा, चहा पिऊन या, तोवर पडद्यावरचा साहेब फाडफाड मराठी बोलायला लागलेला असतो. खरा प्रश्न त्यानंतर सुरू होतो: हे तपासायचं कसं? बहुतेक लोक आधी भाषांतर वाचून अर्थ तपासतात आणि मग टायमिंग जुळवतात. माझ्या मते हा क्रमच उलटा आहे. मराठीत टायमिंग चुकलं की पुष्कळदा अर्थच चुकतो.

कसं ते बघा. ही टूल्स आधी मूळ आवाजाचे तुकडे पाडतात. प्रत्येक तुकड्याला सुरुवातीची आणि शेवटाची वेळ असते. मग तुकड्याचं भाषांतर, त्याचा आवाज आणि तो आवाज मूळ वेळेत बसवणं. मराठी आवाज सहसा लांबतो. मग टूल त्याला पळवतं, नाहीतर चक्क शेपूट कापतं. आणि गंमत अशी की इंग्रजीत नकार वाक्याच्या तोंडाशी असतो, मराठीत तो शेपटीला!

एका ओळखीच्या डॉक्टरबाईंना ओआरएसचा एक इंग्रजी व्हिडिओ मराठीत हवा होता, पेशंट मुलांच्या आयांना दाखवायला. त्यात एक वाक्य होतं, 'नेव्हर मिक्स इट विथ मिल्क, ज्यूस ऑर सूप'. वेळ २.६ सेकंद. भाषांतर आलं, 'ही पावडर दूध, फळांचा रस किंवा सूपमध्ये कधीही मिसळू नका'. कागदावर एकदम बरोबर. पण आवाज भरला ३.५ सेकंद. टूलने तो २.६ला कापला आणि ऐकू आलं, 'ही पावडर दूध, फळांचा रस किंवा सूपमध्ये...' पडद्यावर दुधाचा पेला. आता ऐकणाऱ्या बाईने काय समजायचं?

कापायच्या ऐवजी पळवला असता तर वेग झाला असता ३.५ भागिले २.६, म्हणजे जवळपास १.३५ पट. माझा अनुभव असा, की १.१पर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही आणि १.२च्या पुढे निवेदक गाडी चुकल्यासारखा बोलतो. म्हणून मी आधी प्रत्येक तुकड्याची लांबी मोजतो:

```
ffprobe -v error -show_entries format=duration -of csv=p=0 seg07.wav
```

गुणोत्तर १.१च्या वर गेलं की वेगाला हात न लावता वाक्यच बदलायचं. इथे केलं, 'फक्त पाण्यात मिसळा. दूध, रस, सूप नको.' हे वेळेत बसलं. शिवाय कामाची गोष्ट पुढे आली, म्हणजे उद्या शेपूट कापलं गेलं तरी 'फक्त पाण्यात' ऐकू जाणारच. वाक्य छोटं होतच नसेल तर चित्र अर्धा सेकंद थांबवून ठेवावं. तेवढं कुणाला खटकत नाही.

पण वाक्य छोटं करताना दुसरा धोका असतो. तयार द्रावण २४ तासांच्या आत वापरायचं असतं, उरलेलं फेकून द्यायचं. 'च्या आत' लांब वाटलं म्हणून कुणी '२४ तासांनी वापरा' केलं, तर अर्थ बरोब्बर उलटा! 'एक पाकीट एक लिटर पाण्यात' मधला 'एक लिटर' गेला तर आणखी पंचाईत, कारण बाजारात २०० मिलीची पाकिटंही मिळतात. मोठं पाकीट पेलाभर पाण्यात कालवलं तर मिठाचं प्रमाण फार वाढतं, आणि ते लहान मुलाला घातक ठरू शकतं.

म्हणून अर्थ सगळ्यात शेवटी तपासावा, तोही स्क्रिप्टवर नाही, तयार झालेल्या आवाजावर. तो आवाज पुन्हा स्पीच रेकग्निशनमधून काढून स्क्रिप्टशी ताडला की गळालेले शब्द बरेचसे सापडतात. 'बरेचसे' म्हणतोय, कारण ही मॉडेल्स कधी कधी न बोललेला शब्दही अंदाजाने भरतात. नेमका तुटलेला 'नका' ती गुपचूप पुरा करून देतील आणि आपण खूश!

त्यामुळे शेवटची चाचणी माणसाचीच. मूळ इंग्रजी न पाहिलेल्या कुणाला तरी व्हिडिओ एकदाच दाखवा आणि तीन प्रश्न विचारा: पाणी किती, कशात मिसळायचं नाही, कधी फेकायचं? 'भाषांतर कसं वाटलं?' हे विचारू नका. त्यावर सगळे 'छान' म्हणतात.

अख्खा व्हिडिओ असा तपासायला वेळ नसतो, कबूल. मग निदान आकडा, नकार आणि मुदत असलेली वाक्यं तरी कान देऊन ऐका. बाकी साहेबाचे ओठ आणि शब्द जुळले नाहीत तर फारसं बिघडत नाही. टीव्हीवरचे डब केलेले सिनेमे बघत मोठे झालेले आपण, तेवढं चालवून घेतो!