‘एकदाच’ पाठवलेला फोटो समोरच्याकडे कसा उरतो? व्ह्यू वन्स वापरणाऱ्या सर्वांना जाहीर आवाहन

व्हॉट्सॲपवर फोटो पाठवताना खालच्या पट्टीत ‘1’ आकडा असलेले एक वर्तुळ दिसते. ते दाबून पाठवलेला फोटो समोरच्याला एकदाच उघडता येतो. बंद केला की चॅटमध्ये फक्त तो उघडल्याची नोंद राहते. ऑगस्ट २०२१मध्ये फोटो आणि व्हिडिओंसाठी आलेली ही ‘व्ह्यू वन्स’ सोय डिसेंबर २०२३मध्ये व्हॉइस नोटलाही मिळाली. आता आधार कार्ड, कॅन्सल्ड चेक, खाजगी फोटो, घरातले वाद सांगणारी व्हॉइस नोट, असे बरेच काही या वर्तुळाच्या भरवशावर पाठवले जाते. हे आवाहन अशा सर्व पाठवणाऱ्यांना आहे आणि तितकेच ते उघडणाऱ्यांनाही आहे. ही सोय नेमके काय अडवते आणि काय अडवू शकत नाही, एवढे सर्वांनी नीट समजून घ्यावे.

आधी ती काय अडवते ते पाहू. असा फोटो समोरच्याच्या गॅलरीत आपोआप उतरत नाही. तो फॉरवर्ड करता येत नाही, सेव्ह करता येत नाही. पाठवणाऱ्यालाही तो पुन्हा पाहता येत नाही. ऑक्टोबर २०२२च्या सुमारास स्क्रीनशॉटही अडवला गेला. अँड्रॉइडवर एखादे ॲप आपल्या खिडकीला FLAG_SECURE ही खूण लावू शकते. मग त्या खिडकीचा स्क्रीनशॉट निघत नाही आणि स्क्रीन रेकॉर्डिंगमध्ये तिथे काळा चौकोन येतो. घाईघाईत बटण दाबून फोटो ठेवून घेणाऱ्याला एवढा अडथळा पुरतो, आणि म्हणून ही सोय उपयोगाची आहे.

पण ही सगळी बंधने समोरच्याच्या फोनमधल्या ॲपवर आहेत. फोन धरणाऱ्या माणसावर त्यातले एकही नाही.

समजा, पुण्यात खोली शोधणाऱ्या एका विद्यार्थिनीने दलालाला आधार कार्डाचा फोटो व्ह्यू वन्स करून पाठवला. दलालाने तो उघडला. स्क्रीनशॉट निघेना, तेव्हा त्याने शेजारच्या सहकाऱ्याचा फोन घेतला, दोन्ही फोन समोरासमोर धरले आणि फोटो काढला. कार्डावरचे बारा आकडे, जन्मतारीख, पत्ता सगळे वाचता येईल इतके स्पष्ट आले. विद्यार्थिनीच्या चॅटमध्ये फोटो उघडल्याची नोंद दिसली. त्याखेरीज तिला काहीच कळले नाही, कारण दुसऱ्या फोनचा कॅमेरा चालल्याचे जगातल्या कुठल्याही ॲपला कळू शकत नाही. व्हॉट्सॲप स्वतःच्या मदत-पानावर हेच सांगते: फोटो नाहीसा होण्याआधी समोरचा माणूस दुसऱ्या उपकरणाने तो टिपू शकतो, म्हणून विश्वासातल्या व्यक्तीलाच पाठवा.

या विद्यार्थिनीपुढे यापेक्षा चांगला मार्ग होता. आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून ‘मास्क्ड आधार’ उतरवून घेता येते. त्यात बारापैकी शेवटचे चारच आकडे दिसतात. ते साध्या पद्धतीने पाठवले तरी उरणारी प्रत कमी धोक्याची असते. म्हणून नागरिकांना पहिली विनंती अशी की, कागदपत्रे पाठवताना व्ह्यू वन्सवर विसंबण्याऐवजी कागदावरची माहितीच कमी करावी. मास्क्ड आधार द्यावे. चेकच्या फोटोवर तो कोणाला, कशासाठी आणि कोणत्या तारखेला दिला हे ठळक लिहावे. ओटीपी आणि यूपीआयचा पिन तर फोटोत, व्हॉइस नोटमध्ये किंवा फोनवर, कुठेच देऊ नये.

व्हॉइस नोटच्या बाबतीत टिपून घेणे आणखी सोपे आहे. ती स्पीकरवर लावायची आणि शेजारी दुसऱ्या फोनचा रेकॉर्डर सुरू ठेवायचा. फोटो टिपताना निदान नेम धरावा लागतो, आवाजाला तेही लागत नाही. शिवाय ती ऐकली जाताना खोलीत आणखी कोण होते, हे पाठवणाऱ्याला कधीच कळत नाही. व्हॉइस नोटमध्ये माणसाची ओळख त्याच्या आवाजातच असल्यामुळे नाव न घेताही ती कोणाची हे ओळखू येते. नाजूक गोष्ट सांगायचीच असेल तर सरळ फोन करावा. बोलणे तिथेही रेकॉर्ड होऊ शकते, पण समोर कोण आहे, तो एकटा आहे का, हे आधी विचारता येते आणि बोलता बोलता थांबताही येते.

दुसरा धोका संगणकाच्या बाजूने आला होता. सप्टेंबर २०२४मध्ये झेंगो या क्रिप्टो-वॉलेट कंपनीच्या ताल बेएरी आणि सहकाऱ्यांनी तो जाहीर केला. व्ह्यू वन्सचा संदेश फोनवरच उघडावा आणि संगणकावरच्या व्हॉट्सॲप वेबमध्ये उघडू नये, असा नियम होता. प्रत्यक्षात तो संदेश, फोटो उतरवायला लागणाऱ्या सगळ्या माहितीसह, व्हॉट्सॲप वेबपर्यंतही पोहोचत होता. सोबत ‘हा एकदाच दाखवायचा’ अशी एक खूण असायची आणि ती पाहून ब्राउझरमधले व्हॉट्सॲप फोटो दाखवायचे नाकारायचे. ती खूण बदलली की तोच फोटो साध्या फोटोसारखा उघडे, सेव्ह होई, पुढेही पाठवता येई. हे काम एका क्लिकवर करणारी ब्राउझरची एक्स्टेन्शन तेव्हा आधीपासूनच उपलब्ध होती, म्हणजे त्यासाठी तांत्रिक ज्ञानाचीही गरज नव्हती. कंपनीने दुरुस्ती केली, ती अपुरी असल्याचे त्याच संशोधकांनी दाखवले आणि मग पुढची दुरुस्ती झाली. दरम्यान पाठवणाऱ्यांच्या फोनवर मात्र वर्तुळातला ‘1’ नेहमीसारखाच दिसत होता.

ही अडचण एकट्या व्हॉट्सॲपची नाही. फोटो नाहीसे होतात या आश्वासनावर उभ्या राहिलेल्या स्नॅपचॅटविरुद्ध अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने तक्रार केली आणि मे २०१४मध्ये त्यात तडजोड झाली. बाहेरची ॲप वापरून समोरचा माणूस स्नॅप ठेवून घेऊ शकतो, तरी ते कायमचे नाहीसे होतात असे कंपनी सांगत राहिली, हा त्यातला एक मुख्य आक्षेप होता.

आता वेळेचा हिशेब. व्ह्यू वन्सचा न उघडलेला फोटो १४ दिवस वाट पाहतो आणि मगच कालबाह्य होतो. न उघडलेल्या अवस्थेत समोरच्याच्या फोनचा बॅकअप झाला, तर तो त्या बॅकअपमधून परतही मिळू शकतो. ‘सर्वांसाठी डिलीट करा’ ही सोय मात्र पाठवल्यापासून सुमारे अडीच दिवसच चालते. चुकीच्या व्यक्तीला किंवा चुकीच्या ग्रुपवर काही गेले, तर बघू उद्या असे म्हणू नये. ते उघडले गेलेले नसेल तर त्याच क्षणी डिलीट करावे. ग्रुपच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: आपण ब्लॉक केलेली व्यक्ती त्याच ग्रुपमध्ये असेल, तर तिलाही आपला व्ह्यू वन्स फोटो उघडता येतो.

उघडणाऱ्यांना विनंती थेट आहे. कोणी एकदाच पाहा म्हणून काही पाठवले, तर संमती तेवढ्यापुरतीच आहे. दुसरा फोन काढून ते टिपू नये आणि मित्राला दाखवायला म्हणूनही ठेवू नये. कायदाही हा फरक ओळखतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७मध्ये स्पष्ट म्हटले आहे की, एखाद्या स्त्रीने खाजगी क्षणाचे चित्र काढायला संमती दिली, पण ते इतरांना दाखवायला दिली नाही, तरी ते पसरवणे हा गुन्हाच आहे. पहिल्या दोषसिद्धीला किमान एक आणि कमाल तीन वर्षांची कैद आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ई स्त्री-पुरुष असा भेद न करता कोणाच्याही शरीराच्या खाजगी भागाचे चित्र संमतीविना टिपणे वा पाठवणे गुन्हा ठरवते. ‘तिनेच मला पाठवला होता’ हे उत्तर पुढे पसरवणाऱ्याला वाचवत नाही.

या सोयीची दुसरी बाजू तितकीच गंभीर आहे. धमकी, अश्लील फोटो किंवा शिवीगाळ पाठवणारे लोक पुरावा राहू नये म्हणून मुद्दाम व्ह्यू वन्स वापरतात. ज्याला असा त्रास होतो, त्याच्यासाठी दुसऱ्या फोनचा कॅमेरा हाच पुरावा जपण्याचा मार्ग आहे. शक्य असल्यास विश्वासातल्या व्यक्तीला शेजारी बसवून मग संदेश उघडावा. दुसऱ्या फोनवर सलग व्हिडिओ घ्यावा, त्यात आधी पाठवणाऱ्याचा नंबर आणि चॅट दिसू द्यावी आणि नंतर संदेश. व्हॉइस नोट असेल तर तोच व्हिडिओ चालू असताना ती ऐकावी. तारीख आणि वेळ कागदावर लिहून ठेवावी. चॅट डिलीट करू नये, कारण संदेश उघडल्याची नोंदही घटनाक्रम सांगते. व्हॉट्सॲपवर त्या संदेशाची तक्रार केली की तो कंपनीकडेही पोहोचतो. मात्र ते अल्पवयीन मुलाचे किंवा मुलीचे अश्लील चित्र असेल, तर त्याची प्रत काढू नये. तशी प्रत बाळगणे हाही गुन्हा असल्याने ताबडतोब पोलिसांना कळवावे.

फोटो पसरलाच किंवा पसरवण्याची धमकी आली, तर पैसे देऊ नयेत. cybercrime.gov.in या सरकारी पोर्टलवर महिला आणि मुलांसंबंधीच्या तक्रारींसाठी वेगळा विभाग आहे, तिथे नाव न देताही तक्रार करता येते. जवळच्या पोलीस ठाण्यातही जाता येते. प्रौढ व्यक्तींसाठी StopNCII.org ही सेवा आहे. ती फोटोवरून आपल्याच फोनमध्ये एक सांकेतिक ठसा तयार करते आणि फक्त तो ठसा सहभागी कंपन्यांना देते. फोटो फोनबाहेर जात नाही. त्यासाठी मूळ फोटो हाताशी लागतो, आणि व्हॉट्सॲपच्याच कॅमेऱ्याने काढून व्ह्यू वन्स म्हणून पाठवलेल्या फोटोची प्रत पाठवणाऱ्याकडे उरलेली नसते. अशा वेळी धमकी देणाऱ्याने परत पाठवलेला फोटो रागाने पुसून टाकू नये, ठसा त्याचाही काढता येतो.

शेवटची विनंती आईवडील, शिक्षक आणि सोसायट्यांच्या पदाधिकाऱ्यांना. मुलांना नुसते सांगण्याऐवजी हे करून दाखवावे. स्वयंपाकघरातल्या एखाद्या डब्याचा फोटो व्ह्यू वन्स करून पाठवावा, मुलाला तो उघडायला सांगावे, आधी स्क्रीनशॉट घेऊन पाहू द्यावा आणि मग दुसऱ्या फोनने टिपायला सांगावा. नंतर पाठवणाऱ्याच्या फोनवर काय दिसते ते दोघांनी मिळून पाहावे. आणि एखादे मूल आपला फोटो कोणाकडे तरी राहिला असे सांगत आले, तर आधी ‘पाठवलास का?’ असे न विचारता ‘कोणाकडे आहे आणि तो काय म्हणतोय?’ एवढेच विचारावे. ओरडा बसेल या भीतीने मूल गप्प बसले, तर संदेश डिलीट करण्याचे आणि पुरावा जपण्याचे पहिले काही तास हातचे जातात.