‘जिल्हेज’चं ‘जुल्हेज’ करू नका

नारायण पेठेतून शेजारच्या सदाशिव पेठेत, भारत इतिहास संशोधक मंडळात जाऊन मोडी कागद वाचणाऱ्यांना आणि घरी छापील पेशवेकालीन पत्रं चाळणाऱ्यांना एक विनंती आहे. पत्राच्या तारखेत ‘छ ५ जिलकाद’ किंवा ‘जिल्हेज’ दिसलं आणि त्याच पत्रात पुढे ‘जुल्फिकारखान’ आला, तर लेखकूचा हात घसरला असं समजून एकाला दुसऱ्यासारखं करू नका. दोन्ही बरोबर आहेत.

अरबीत नामाच्या शेवटी विभक्ती दाखवायला ऱ्हस्व स्वर लागतो: कर्त्याला उ, कर्माला अ, आणि षष्ठीत किंवा शब्दयोगी अव्ययानंतर इ. पाच नामं मात्र वेगळी चालतात. बाप, भाऊ, नवऱ्याकडचा नातलग (विशेषतः सासरा), तोंड आणि ‘-वाला’ या अर्थाचा ‘जू’. यांना तिथे ऊ, आ, ई असे दीर्घ स्वर लागतात आणि ते अक्षरांत लिहिलेही जातात. ‘तुझा बाप आला’ यात अबूक, ‘तुझ्या बापाला पाहिलं’ यात अबाक, ‘तुझ्या बापाजवळून’ यात अबीक.

अली यांच्या वडिलांचं नाव अबू तालिब, पण पूर्ण नाव लिहिताना अली इब्न अबी तालिब. ‘इब्न’ म्हणजे मुलगा. कोणाचा, हे सांगायला पुढे षष्ठी येते, म्हणून ‘अबू’चा ‘अबी’ होतो. माणूस तोच.

महिन्यांचंही तसंच. अरबीत तारीख ‘अमुक महिन्यात’ अशी लिहितात, त्यामुळे या नावांतला ‘जू’ षष्ठीत जाऊन ‘जी’ होतो. पुढचा ‘अल्’ जोडला की उच्चारात दीर्घ स्वर आखडतो आणि कानाला ‘जिल’ ऐकू येतं. अलींच्या तलवारीचं नाव मात्र प्रथमेतच रूढ झालं, म्हणून जिंजीला वेढा घालणारा सरदार जुल्फिकारखान. गोवळकोंड्याच्या अबुल हसनचा ‘अबू’ही तसाच आखडला आहे. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ पाळलेलंच नसतं, तेव्हा लांबी शोधत बसू नका. इकार आहे की उकार, एवढंच नीट पाहा.

हा नियम सरसकट लावायचा नाही. नाम एकवचनी हवं आणि त्याला पुढे काही जोडलेलं हवं. बाप एकटाच आला की अबुन, अबन, अबिन असे साधे ऱ्हस्वच. ‘माझा’ जोडला की तिन्ही ठिकाणी ‘अबी’. इथे हमखास फसगत होते, कारण हा ‘अबी’ वरच्या षष्ठीसारखाच दिसतो. पुढे दुसरं नाम जोडलेलं आहे का, ते बघा. ‘तालिब’ असेल तर षष्ठी. काहीच नसेल तर बहुधा ‘माझा बाप’.

आणि खरी जपायची जागा वेगळीच. जिलकाद अकरावा महिना, जिल्हेज बारावा. फाटक्या कागदावर ‘जिल’ एवढंच उरलं असेल, तर अंदाजाने महिना भरू नका. कंसात रिकामी जागा सोडा, नाहीतर पत्र महिनाभर मागेपुढे सरकेल.