एजन्सीचा करार शेवटून वाचा

मा. अध्यक्ष आणि कार्यकारिणी सदस्य,
ऑल इंडिया कन्झ्युमर प्रॉडक्ट्स डिस्ट्रिब्युटर्स फेडरेशन यांस,



जानेवारी 2022 मध्ये महाराष्ट्रातल्या वितरकांनी कोलगेटच्या मॅक्सफ्रेशचा पुरवठा थांबवला, त्यामागे आपले फेडरेशन होते. जिओमार्ट, मेट्रो, उडान यांच्याकडे दुकानदाराला वितरकापेक्षा स्वस्त माल मिळत होता, हे त्या भांडणाचे मूळ. पुढे हिंदुस्तान युनिलिव्हरने निश्चित मार्जिन 0.6 टक्क्याने उतरवून कामगिरीवर मिळणारा हिस्सा वाढवला, तेव्हाही आपण आवाज उठवलात. 2024 मध्ये क्विक कॉमर्सच्या दरांविरुद्ध स्पर्धा आयोगाकडे गेलात. हे सगळे योग्यच होते. पण दर आणि मार्जिन यांच्या आधी एक कागद असतो. वितरक त्यावर सही करतो आणि मग वर्षानुवर्षे तो कपाटात पडून राहतो. त्या कागदाबद्दल फेडरेशन काही बोलल्याचे माझ्या वाचनात नाही.

मी शेवगावला वकिली करतो. एजन्सीचे करार माझ्याकडे बहुतेक वेळा एजन्सी गेल्यावर येतात. परवा एक अशील सहीच्या आधी आले, म्हणून हे पत्र. कंपनीचे आणि अशिलाचे नाव लिहीत नाही. कंपनी बिस्किट-नमकीनची, भाग शेवगाव आणि पाथर्डी तालुका, डिपॉझिट तीन लाख, करार इंग्रजी आणि बावीस पानी, पाचशेच्या स्टॅम्पवर. शेठजींनी त्यातल्या तीन गोष्टी नीट पाहिल्या होत्या: भाग, मार्जिन आणि डिपॉझिट. मी शेवटच्या पानांपासून सुरुवात केली, कारण करार संपतो कसा हे कळल्याशिवाय तो चालतो कसा हे कळत नाही.

शेवटी काय होते? कंपनी कोणतेही कारण न देता तीस दिवसांच्या नोटिशीने एजन्सी बंद करू शकते. वितरकाला मात्र नव्वद दिवस आधी कळवावे लागते. आणि सलग दोन महिने टार्गेट चुकले, तर नोटिशीचीही गरज नाही. करार त्याच दिवशी संपतो आणि डिपॉझिट जप्त.

शेठजी म्हणाले, "वकीलसाहेब, उद्या असं झालं तर कोर्टातून एजन्सी परत आणता येईल ना?" नाही येणार. 1990 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इंडियन ऑइल विरुद्ध अमृतसर गॅस सर्व्हिस या प्रकरणात हे स्पष्ट केले. तीस दिवसांच्या नोटिशीने संपवता येणारी ती गॅसची एजन्सी होती. लवादाने ती परत बहाल केली होती. न्यायालय म्हणाले, असा करार कोर्ट पुन्हा जिवंत करत नाही, आणि भरपाई मिळेल ती नोटिशीच्या तीस दिवसांत झाली असती तेवढ्या कमाईची. म्हणजे दहा वर्षे बाजार उभा केलेल्या वितरकाची न्यायालयातली किंमत त्याच्या करारातल्या नोटिशीच्या दिवसांवर ठरते. तीसच्या जागी नव्वद लिहून घेतले, तर किंमत तिप्पट होते. सही करण्यापूर्वी हा आकडा बदलणे जितके सोपे, तितकेच नंतर अशक्य.

डिपॉझिटचे मात्र वेगळे आहे. सैन्याला बटाटे, कोंबड्या, अंडी पुरवणाऱ्या मौला बक्ष यांचे डिपॉझिट सरकारने जप्त केले होते. 1969 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की नुकसान मोजता येण्यासारखे असेल तर ते सिद्ध करावे लागते. करारात जप्ती लिहिली आहे एवढ्यावर पैसे ठेवून घेता येत नाहीत. बिस्किटाच्या पेट्यांचे नुकसान मोजता न येण्यासारखे काय आहे? पण तीन लाखांसाठी शेवगावच्या माणसाने मुंबईला दावा चालवायचा (करारात कोर्ट मुंबईचे असते, हेही शेवटच्या पानांवरच), म्हणून बहुतेक जण ते सोडून देतात. कंपनीला हे माहीत असते.

आता टार्गेट. महिन्याला पंधरा लाख, बाराही महिने सारखे, आणि कंपनी "बाजाराची परिस्थिती पाहून" ई-मेलने बदलू शकेल असे. पंधरा लाख कशाचे? प्रायमरीचे, म्हणजे वितरकाने कंपनीकडून उचललेल्या मालाचे. दुकानांत किती गेला, म्हणजे सेकंडरी किती, याच्याशी कराराला देणेघेणे नाही. आधीच्या वितरकाची वर्षभराची सेकंडरी मागवा असे मी शेठजींना सांगितले. कंपनीच्या माणसाने आढेवेढे घेत ती दिली. सरासरी निघाली बारा लाख. ही सरासरी तरी सपाट कुठे आहे? दिवाळीच्या सुमाराला कापसाचा पैसा हातात असतो तेव्हा माल धडाक्यात जातो. पण दसऱ्यानंतर पाथर्डीकडची आणि आमच्या पूर्वेकडची कितीतरी गावे ऊसतोडीला निघून जातात. तिकडच्या बीटवर तेच दुकान, तोच दुकानदार, पण गिऱ्हाईक कारखान्यावर. हे मुंबईत बसून टार्गेट भरणाऱ्याला दिसत नाही.

हिशेब मांडून पाहा. निश्चित मार्जिन चार टक्के, टार्गेट पूर्ण केले तर वरती दीड टक्का. दोन गाड्या, ड्रायव्हर, दोन सेल्समन आणि गोडाऊन मिळून महिन्याचा खर्च पंचावन्न हजार. खरी विक्री आहे तेवढी, बारा लाखच उचलली, तर मिळतात अठ्ठेचाळीस हजार आणि सात हजार खिशातून जातात. पंधरा लाख उचलले, तर साठ हजार अधिक साडेबावीस हजार, म्हणजे खर्च जाऊन कागदावर साडेसत्तावीस हजार उरतात. म्हणून महिनाअखेरीला एरिया मॅनेजरचा फोन येतो, "शेठ, तीन लाखाचं बिलिंग करून टाका," आणि शेठ करून टाकतात. चार महिन्यांत बारा लाखांचा जादा माल गोडाऊनला साचतो. सीसीवर दहा टक्के व्याज धरले, तर त्या साठ्याचे महिन्याला दहा हजार, शिवाय न विकलेल्या मालावरचे मार्जिन अजून हातात आलेलेच नाही. बहुतेक बिस्किटांचे आयुष्य सहा महिन्यांच्या आसपास. पहिल्या महिन्यातल्या पेट्या तोवर दुकानदार घ्यायला तयार नसतो. या करारात एक्स्पायरीचा क्लेम खरेदीच्या अर्ध्या टक्क्यापुरता होता, पंधरा लाखांवर साडेसात हजार. बाकीचे बिस्किट जनावरांना घालायचे.

म्हणजे दीड टक्का हे बक्षीस नव्हे, धंदा चालू ठेवायचा तर लागणारच असा मार्जिनचा भाग आहे. तो टार्गेटला बांधला की वितरक स्वतःच्या पैशाने कंपनीचा माल स्वतःच्या गोडाऊनला भरत राहतो. कुठलीही एजन्सी घेण्यापूर्वी आधीच्या वितरकाची प्रायमरी आणि सेकंडरी शेजारी ठेवून पाहावी. फरक दर महिन्याला एकाच दिशेने वाढत असेल, तर तो माणूस का गेला हे विचारायला नको.

टार्गेट चुकायला आणखी एक दार करारातच उघडे होते. वितरकाने स्पर्धक कंपनीचा माल ठेवायचा नाही, करार चालू असताना आणि संपल्यावर दोन वर्षे. कंपनीने मात्र याच दोन तालुक्यांत दुसरा वितरक नेमण्याचा, मॉलला, ऑनलाइन घाऊकवाल्यांना आणि संस्थांना थेट माल देण्याचा हक्क राखून ठेवलेला. शेठजींची समजूत, भाग लिहिलाय म्हणजे भाग आपला. तसे नसते. भाग एकट्याचा आहे असे करारात लिहिलेले नसेल, तर तो एकट्याचा नाही. नगरच्या आडते बाजारातून स्कीमचा माल गाडीत घालून बोधेगावला उतरला किंवा दुकानदाराने मोबाइलवरून पेट्या मागवल्या, तरी ती विक्री शेठजींच्या खात्यात येत नाही. टार्गेट तेवढेच राहते.

दोन वर्षांच्या बंदीला कायद्यात आधार नाही. करार चालू असताना एकाच कंपनीचा माल विकण्याची अट चालते, हे 1995 मध्ये गुजरात बॉटलिंग विरुद्ध कोका-कोला प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. करार संपल्यावर धंदा अडवणे मात्र करार कायद्याच्या कलम 27 ला चालत नाही. आमच्याच जिल्ह्यातल्या श्रीरामपूरला जन्मलेल्या झहीर खानचा 2006 चा निकाल याचे चांगले उदाहरण आहे. परसेप्ट या कंपनीबरोबरचा त्याचा करार 2003 मध्ये संपला होता. पुढच्या कुठल्याही प्रस्तावावर पहिला हक्क आमचा, असे कंपनीचे म्हणणे होते. न्यायालयाने ते मानले नाही. पण शेठजींचे डिपॉझिट आणि क्लेम कंपनीच्या हातात असतील, तर निरर्थक कलमसुद्धा त्यांना घाबरवायला पुरते. म्हणून ते खोडूनच घ्यावे लागते.

आम्ही कंपनीला चार पानांचे पत्र लिहिले. भाग एकट्याचा द्यायला ती तयार झाली नाही, आणि मला त्याचे फारसे नवल वाटले नाही. ऑनलाइन विक्री आता कुणी थांबवणार नाही. पण दोन तालुक्यांत दुसऱ्या मार्गाने गेलेला माल टार्गेटमधून वजा करायला ती राजी झाली. टार्गेट सेकंडरीवर आणि तिमाहीचे झाले, आधीच्या वर्षाच्या त्याच तिमाहीपेक्षा जास्तीत जास्त दहा टक्के वर. नोटीस दोन्ही बाजूंना साठ दिवस. करार संपल्यावर किमान तीन महिने आयुष्य उरलेला माल कंपनी खरेदीच्या भावाने परत घेईल, आणि क्लेम व डिपॉझिट पंचेचाळीस दिवसांत देईल. कोर्ट मुंबईचेच राहिले. नव्वद दिवस हवे होते, मिळाले नाहीत.

एवढे दोन तालुक्यांच्या वितरकाला मिळू शकले, कारण त्या भागात कंपनीला घाई होती. प्रत्येकाला अशी वेळ साधत नाही. बेल्जियममध्ये 1961 पासून कायदाच आहे. मुदत नसलेली एकाधिकार वितरणाची एजन्सी कंपनीला बंद करायची असेल, तर तिथे रास्त नोटीस किंवा तिच्या बदल्यात भरपाई द्यावी लागते. आपल्याकडे असा कायदा नाही. छोट्या उद्योगांना उशिरा पैसे मिळाल्यास व्याज देणारी एमएसएमईची तरतूदही आपल्या कामाची नाही, कारण व्यापाऱ्यांना 2021 मध्ये त्या यादीत घेतले ते फक्त प्राधान्य कर्जापुरते.

म्हणून विनंती अशी की फेडरेशनने दोन पानांची एक मराठी पुरवणी तयार करावी आणि सभासदांनी ती कुठल्याही कंपनीच्या कराराला जोडण्याचा आग्रह धरावा. तिच्यात एवढेच असावे: टार्गेट सेकंडरीवर, दुसऱ्या मार्गाची विक्री वजा, नोटीस एजन्सीच्या वयाप्रमाणे वाढती आणि माल परत घेण्याची अट. एखाद्या कंपनीने नाकारले, तर तिचे नाव पुढच्या राज्य बैठकीत वाचून दाखवा. मसुद्याला वकील लागला तर माझी फी नको, शेवगावहून यायचे एसटीचे तिकीटसुद्धा मी काढीन.

आपला,
शेवगावचा एक वकील