आढाव्यातला परिच्छेद आईला सांगताना

प्रबंधातल्या 'संबंधित साहित्याचा आढावा' या प्रकरणातला एखादा परिच्छेद घरी सोप्या भाषेत सांगून बघा. मी पारशिवनीला आईला सांगितला. वाक्य असे होते : 'कमिन्स (१९८१) यांच्या मते द्वितीय भाषेतील संभाषणकौशल्य सुमारे दोन वर्षांत, तर शैक्षणिक भाषाप्रभुत्व पाच ते सात वर्षांत विकसित होते.'

आई म्हणाली, "मले काईच समजलं नाही."

मग सांगितले, "घरी गोंडी बोलणारं पोरगं दोन वर्षांत मराठीत खेळतं, भांडतं. पण पुस्तकातलं मराठी इतरांच्या बरोबरीनं यायला पाच-सात वर्षं लागतात." आईला लगेच पटले. आणि इथेच माझी चूक झाली! ते आकडे गोंडी मुलांचे नव्हतेच. ते कॅनडातल्या टोरोंटो शहरात बाहेरदेशातून येऊन इंग्रजी शिकणाऱ्या मुलांचे, तेही सरासरीचे. सोपे करताना मी अवघड शब्द काढले ते ठीक, पण 'कोणाची मुले, कुठली' याची भर घालायला हवी होती. खरे तर माझ्या मूळ वाक्यातही ते नव्हते; जड शब्दांखाली ते झाकले गेले होते, एवढेच.

दुसऱ्यांदा टोरोंटोसकट सांगितले. आई थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "मंग आपल्या इकडच्या पोराइले किती वर्सं लागते, हे कोणी पाह्यलं का?"

मार्गदर्शक ज्याला 'संशोधनातील उणीव' म्हणतात, ती हीच. परिच्छेदाच्या शेवटी आता तो प्रश्न आहे.