डोंगरावर आपटून आलेला सिग्नल ४जी कसा पचवतं?

२७ सप्टेंबर २०२५ ला बीएसएनएलच्या स्वदेशी ४जीचं उद्घाटन झालं. बातम्यांमध्ये जवळपास ९७,५०० टॉवरचा आकडा गाजला. पण टॉवर उभा राहिला म्हणजे नेट चाललं, असं नसतं. भंडारा जिल्ह्यात तुमसर तालुक्यातला अंबागडचा डोंगर डोळ्यांपुढे आणा.

समजा, पायथ्याच्या गावापासून टॉवर १ किमीवर आहे. सिग्नल तुमच्या फोनपर्यंत सरळ येतो, आणि डोंगरावर आपटूनही येतो. दुसरी वाट १.६ किमीची धरू. रेडिओ लहर एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जाते, म्हणजे जादाच्या ६०० मीटरमुळे हा प्रतिध्वनी २ मायक्रोसेकंद उशिरा पोचतो.

हे एवढंसं वाटतं ना? पण ९ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातून एकामागून एक चिन्हं पाठवली, तर एक चिन्ह जेमतेम ०.११ मायक्रोसेकंद टिकतं. तेवढ्या उशिरात १८ चिन्हं निघून गेलेली असतात. जुन्याचा प्रतिध्वनी नव्यावर चढतो आणि सगळा गोंधळ होतो.

ओएफडीएममध्ये घाईच करत नाहीत. तोच पट्टा १५ किलोहर्ट्झच्या ६०० बारीक सबकॅरियरमध्ये वाटतात. ६०० चिन्हं एकाच वेळी, पण सावकाश जातात, प्रत्येक ६६.७ मायक्रोसेकंद टिकतं. एकूण वेग तेवढाच, पण आता २ मायक्रोसेकंदांचा उशीर फक्त सुरुवातीलाच त्रास देतो.

तो त्रासही काढून टाकतात. चिन्हाच्या शेवटचा ४.७ मायक्रोसेकंदांचा तुकडा कॉपी करून पुढे जोडतात. याला सायक्लिक प्रीफिक्स म्हणतात. मागच्या चिन्हाचा प्रतिध्वनी याच तुकड्यात विरतो आणि फोन तो तुकडा टाकून देतो. मग तिथे नुसती शांतता का नाही ठेवत? कारण तसं केलं तर उशिरा आलेल्या लहरीचा शेवट फोनच्या मोजणीत कापला जातो. मोजणीत प्रत्येक सबकॅरियरची पूर्णच आवर्तनं यावी लागतात, नाहीतर शेजारचे सबकॅरियर एकमेकांत मिसळतात. कॉपीमुळे आवर्तन तुटत नाही. याची किंमत म्हणून सुमारे ७ टक्के वेळ जातो. सौदा स्वस्तच म्हणायचा.

मर्यादा मात्र आहे. ४.७ मायक्रोसेकंद म्हणजे साधारण १.४ किमीचा जादा रस्ता. ५जीच्या ३.५ गिगाहर्ट्झ पट्ट्यात सबकॅरियर सहसा ३० किलोहर्ट्झचे असतात. तिथे प्रीफिक्स २.३ मायक्रोसेकंदांचा, म्हणजे जेमतेम ७०० मीटर. अंबागडचा आपला ६०० मीटरवाला प्रतिध्वनी कसाबसा बसतो, पण ९०० मीटरचा असता तर ०.७ मायक्रोसेकंद बाहेर सांडला असता. तो जोरदार असेल तर दांड्या पूर्ण दिसूनही स्पीड पडतो.

हे पाहायचं असेल तर सिग्नल दाखवणाऱ्या ॲपमध्ये RSRP आणि SINR बघा. पहिला चांगला (-८५ dBm च्या आसपास) आणि दुसरा ३ dB सारखा खाली असेल, तर सिग्नलमध्ये भेसळ आहे. अर्थात बहुतेक वेळा ती शेजारच्या टॉवरची असते, आणि तिच्यावर प्रीफिक्सचं औषध चालत नाही.