एक घटना, तीन मजकूर

टोइक परीक्षेच्या वाचन विभागातल्या पाचव्या भागात गाळलेल्या जागांची 30 वाक्यं असतात. शब्दांच्या लांबलचक याद्या पाठ करणारे नेमके इथेच अडतात, कारण अर्थ माहीत असतो, शेजारी काय बसतं ते माहीत नसतं. म्हणून मी एकच घटना तीनदा लिहायला सांगते. समजा, माल उशिरा येणार आहे. ग्राहकाला ईमेल: ‘द शिपमेंट हॅज बीन डिलेड’. मीटिंगमध्ये सहकाऱ्यांशी बोलताना: ‘वी मे नॉट मीट द डेडलाइन’. मग साहेबांसाठी चार ओळींचा अहवाल: ‘ड्यू टू अ डिले इन शिपमेंट, डिलिव्हरी वॉज पोस्टपोन्ड’. ‘डिले’ एकदा क्रियापद झाला, एकदा नाम. ‘ड्यू टू’नंतर नाम लागतं, ‘बिकॉज’नंतर पूर्ण वाक्य, आणि डेडलाइनसोबत ‘मीट’ येतं, ‘रीच’ नाही. परीक्षेतले चार पर्याय बहुधा याच फरकांवर बेतलेले असतात. दुसऱ्या दिवशी ती वाक्यं झाकून पुन्हा लिहा. अडलात तर सुटा शब्द नको, अख्खा शब्दगट वहीत उतरवा. आपल्याकडच्या ऑफिसांत रुळलेलं ‘डू द नीडफुल’ मात्र या वहीत घेऊ नका.